‘बिचारी बटणं’ : शरीरावरच्या शेऱ्यांची तक्रार कशी लिहावी

वजन, रंग, उंची यावरून मारलेल्या शेऱ्यांच्या तक्रारी बहुतेक वेळा एकाच वाक्यावर अडकतात : “ते मला सतत वजनावरून टोमणे मारतात, त्यामुळे मला प्रचंड मानसिक त्रास झाला आहे.” वाक्य खरं असतं, पण चौकशीला बसलेल्यांना त्यात तपासण्याजोगं काही सापडत नाही. सतत म्हणजे कधी? शब्द काय होते? कोणी ऐकले? समोरचा माणूस “थट्टा होती, सगळेच हसले” म्हणून मोकळा होतो आणि कागदावर एकाचा शब्द दुसऱ्याच्या शब्दासमोर उभा राहतो.

लिहिण्याची पद्धत बघायला एक कल्पित उदाहरण घेऊ. अंधेरीतल्या एका ऑफिसात काम करणारी ज्युनियर अकाउंटंट. तिच्या टीम लीडने मार्च 2025 मध्ये तीनदा शेरे मारले. 4 तारखेला लिफ्टमध्ये, “तू नको येऊस, अलार्म वाजेल.” 18 तारखेला पँट्रीत, तिच्या छातीकडे बघत, “बिचारी बटणं, किती ओढाताण!” आणि 24 तारखेला मीटिंगमध्ये, “क्लायंटसमोर जरा प्रेझेंटेबल कोणी जाऊ दे.”

शब्द त्याच दिवशी टिपा

घरी जाताना ट्रेनमध्ये का होईना, त्याच दिवशी लिहून ठेवा : तारीख, साधारण वेळ, जागा, नेमके शब्द, कोण कोण हजर होतं, तुम्ही काय केलंत. स्वतःलाच ईमेल केला तर वेळ आपोआप नोंदली जाते. शेरा हिंदीत मारला असेल तर हिंदीतच लिहा. मराठीत आणताना किंवा सभ्य करताना त्यातला डंख निघून जातो आणि साक्षीदाराच्या आठवणीशी शब्द जुळत नाहीत. नेमके शब्द आठवत नसतील तर अवतरणचिन्हं टाकू नका, “अशा अर्थाचं बोलले” एवढंच लिहा. अवतरणातला एक शब्द जरी साक्षीदाराने वेगळा सांगितला, तरी उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही शंका घेतली जाते.

व्हॉट्सअॅप ग्रुपवर शेरा असेल तर स्क्रीनशॉटमध्ये तारीख, पाठवणाऱ्याचं नाव आणि आधीचे-नंतरचे मेसेज दिसू द्या. मूळ चॅट फोनमधून पुसू नका. आपलाच एखादा हसरा इमोजी अडचणीचा वाटतो म्हणून कापलेला स्क्रीनशॉट समोरच्याकडून अख्खा सादर होतो, आणि मग लपवाछपवी तुमचीच ठरते.

कुणाकडे द्यायची?

इथे बऱ्याच जणी चुकतात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा, ज्याला ऑफिसात ‘पॉश’ म्हणतात, तो लैंगिक छटेच्या बोलण्याला लागू होतो. वजनावरचा प्रत्येक शेरा त्यात बसेलच असं नाही. जानेवारी 2025 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने म्हटलं की स्त्रीच्या शरीराच्या बांध्यावरचं बोलणं प्रथमदर्शनी लैंगिक छटेचं ठरू शकतं. दोनच महिन्यांनी मुंबई उच्च न्यायालयासमोर सहकारी महिलेच्या लांब केसांवर मारलेल्या शेऱ्याचं आणि त्यावर म्हटलेल्या गाण्याचं प्रकरण आलं. आरोप खरे धरले तरी हा लैंगिक छळ होत नाही, असं न्यायालयाने ठरवलं आणि या कायद्याखाली ऑफिसातच चौकशीसाठी नेमलेल्या अंतर्गत समितीचा अहवाल रद्द केला. म्हणजे ‘शरीरावर बोलले’ एवढ्याने भागत नाही. काय, कुठे बघत, कशा संदर्भात बोलले, हे कागदावर यायला लागतं.

आपल्या उदाहरणात पँट्रीतला प्रसंग अंतर्गत समितीकडे नेण्याजोगा आहे. लिफ्टचा आणि मीटिंगचा प्रसंग अपमानाचा असला तरी लैंगिक छटेचा म्हणणं कठीण आहे. ते कंपनीच्या आचारसंहितेखाली एचआरकडे जातात. सोपा मार्ग असा की तिन्ही प्रसंग एकाच तक्रारीत क्रमाने लिहावेत, समितीला द्यावेत, प्रत एचआरला द्यावी, आणि शेवटी लिहावं : “यातला जो भाग समितीच्या कक्षेत येत नसेल, त्यावर आचारसंहितेनुसार कारवाई करावी.” तक्रारदार पुरुष असेल तर पॉश लागू होत नाही, थेट एचआरचाच रस्ता.

मुदत मात्र डोळ्यांसमोर ठेवा. समितीकडे तक्रार घटनेपासून, किंवा घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून, 3 महिन्यांत द्यायची असते. कारण लेखी नोंदवून समिती आणखी 3 महिने वाढवू शकते, पण त्यावर विसंबू नका. पँट्रीतली घटना 18 मार्चची, म्हणून 18 जूनच्या आत दिलेली बरी. 24 मार्चचा प्रसंग मालिकेत धरला जाईलच असं गृहीत धरायचं कशाला? ऑफिसात 10 पेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल, तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. मुंबईत महसुली जिल्हे दोन आहेत, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर, तेव्हा ऑफिस कुठल्या जिल्ह्यात पडतं ते आधी बघा. अंधेरी उपनगरात येते.

प्रसंग लिहिताना

एका परिच्छेदात एकच प्रसंग. पँट्रीचा परिच्छेद असा होईल :

“मंगळवार, 18 मार्च 2025 रोजी दुपारी साधारण दीड वाजता मी चौथ्या मजल्यावरच्या पँट्रीत डबा खात होते. टीम लीड माझ्या टेबलासमोर उभे राहिले. माझ्या छातीकडे बघत ते म्हणाले, ‘बिचारी बटणं, किती ओढाताण!’ टेबलावर माझ्यासोबत दोन सहकारी होत्या, त्यांची नावं सोबतच्या यादीत आहेत. मी तेव्हा हसले आणि विषय बदलला. डबा अर्धा टाकून मी जागेवर गेले.”

“घाणेरड्या नजरेने”, “मुद्दाम मला खाली दाखवायला” हे शब्द इथे नाहीत. नजर कुठे होती हे साक्षीदार सांगू शकतो, ती घाणेरडी होती का यावर वाद घालता येतो. आणि “मी हसले” हे आपणच लिहून टाकलं आहे. नवख्या तक्रारदाराला ते कबुलीसारखं वाटतं, पण हेच वाक्य उलटतपासणीत समोरून आलं तर जास्त महागात पडतं. वर सांगितलेल्या मुंबईच्या प्रकरणातही नंतरच्या व्हॉट्सअॅप गप्पांचा विचार झाला होता. वरिष्ठासमोर हसून वेळ मारून नेणं कुणालाही समजतं, फक्त ते आधी तुमच्या कागदावर असावं.

आणखी एक गोष्ट, जी जवळपास प्रत्येक मसुद्यात घुसते : “मला थायरॉइड आहे, म्हणून वजन वाढलं आहे.” हे काढा. हे वाक्य आलं की चर्चा शेरा मारणाऱ्याकडून तुमच्या शरीराकडे वळते, जणू थायरॉइड नसता तर शेरा चालला असता. तुमचं वजन किती, डाएट करता का, हे तक्रारीला लागत नाही. आजारावरूनच शेरा मारला असेल तरच आजाराचा उल्लेख करा.

त्रास कसा मांडायचा

त्रास म्हणजे आधी काय होत होतं आणि नंतर काय बदललं, यातला फरक. भावनेला एक वाक्य पुरे. बाकी जागा बदलाला द्या, आणि जमेल तिथे त्याचा कागद जोडा :

“19 मार्चपासून मी पँट्रीत जेवत नाही, जागेवरच डबा खाते. 4 मार्चनंतर टीम लीड लिफ्टमध्ये असतील तर मी चार मजले जिन्याने जाते. 27 मार्चचं क्लायंटसमोरचं सादरीकरण माझ्याकडे होतं, ते 24 मार्चच्या मीटिंगनंतर दुसऱ्या सहकाऱ्याकडे दिलं गेलं. आधीचा आणि नंतरचा, दोन्ही ईमेल जोडले आहेत. झोप लागत नसल्याने 3 एप्रिलला मी डॉक्टरांकडे गेले; चिठ्ठी आणि बिल जोडलं आहे. 3 आणि 4 एप्रिलला आजारपणाची रजा घेतली.”

“डिप्रेशन आलं” असं स्वतःहून लिहू नका. डॉक्टरांनी लिहून दिलं असेल तर त्यांच्या चिठ्ठीचा हवाला द्या, नसेल तर झोप, भूक, रजा हे जे घडलं ते लिहा. आधीपासून उपचार चालू असतील तर तेही सांगा : “उपचार आधीपासून चालू होते, मार्चनंतर महिन्याला एकाऐवजी तीन भेटी झाल्या.” लपवलेली जुनी चिठ्ठी बाहेर आली की खरा वाढलेला त्रासही खोटा वाटू लागतो. या तपशिलाचा पुढे थेट उपयोग होतो, कारण आरोप सिद्ध होऊन भरपाई ठरवताना समितीने मानसिक त्रास, करिअरची हुकलेली संधी आणि औषधोपचाराचा खर्च बघावा, असं कायद्यातच म्हटलं आहे.

शाळकरी मुलाच्या बाबतीतही हीच रीत. “मूल खचलं आहे” यापेक्षा “पीटीच्या तासाला सरांनी ‘ढोल्या, तू मागे’ म्हटल्यापासून चार बुधवार, पीटी असतो त्या दिवशी, पोट दुखतं म्हणून घरी राहिला” हे मुख्याध्यापकांना टाळता येत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 मध्ये मारण्याबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे. कॉलेजमध्ये दिसण्यावरून दुसऱ्या विद्यार्थ्याचा छळ करणं 2016 पासून यूजीसीच्या नियमांत रॅगिंग धरलं जातं.

काय मागायचं, कसं द्यायचं

“कडक कारवाई व्हावी” म्हटलं की पुढे काय करायचं ते दुसरेच ठरवतात. नेमकं मागा. आपल्या उदाहरणात एप्रिलचं अप्रेझल टीम लीडच्याच हातात आहे, म्हणून चौकशी संपेपर्यंत मूल्यमापन दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावं, अशी लेखी विनंती समितीला करता येते. बदली किंवा 3 महिन्यांपर्यंतची रजाही मागता येते.

समितीला तक्रारीच्या सहा प्रती, पुरावे, आणि साक्षीदारांची नावं-पत्ते द्यायचे असतात. साक्षीदारांना आधी विचारा, पण काय सांगायचं ते पढवू नका. हातात दिलीत तर आपल्या प्रतीवर सही, तारीख आणि शिक्का घेऊन पोच ठेवा. ईमेलने पाठवलीत तर ऑफिसच्या मेलची प्रत बाहेरही असू द्या, कारण लॉगिन कधीही बंद होऊ शकतं. दिल्यानंतर मजकूर ग्रुपवर टाकू नका, चौकशीची गोपनीयता तुमच्यावरही बंधनकारक आहे.

पुरावा कमी पडला म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. जाणूनबुजून खोटी केल्याचं चौकशीत सिद्ध व्हावं लागतं. चौकशी 90 दिवसांत संपायला हवी. जबाब नोंदवला की सही करण्याआधी तो सावकाश वाचा. टंकणाऱ्याने “बटणं” वगळून “कपड्यांवर शेरा मारला” असं लिहिलं असेल, तर तिथेच दुरुस्त करून घ्या आणि मगच सही करा.