स्वतःचं स्किनकेअर की नामांकित ब्रँडची विक्री: सलॉन मालकांनो, या चुका टाळा

सलॉनमध्ये आपल्या नावाची बाटली ठेवायची की लोकांना आधीच माहीत असलेल्या ब्रँडची, हा निर्णय बहुतेक वेळा एकाच आकड्यावर घेतला जातो: एका बाटलीमागे किती सुटतात? स्वतःच्या बाटलीत जास्त सुटतात, म्हणून स्वतःची लाइन काढायची. हिशेब सरळ वाटतो, पण घोळ इथूनच सुरू होतो. बाटलीवरचा नफा बाटली विकली गेल्यावरच हातात येतो, आणि उत्पादक तर बाटल्या शेकड्यांनी देतो. त्यामुळे आधी पाहायचं ते हे, की एक्सपायरीच्या आत आपल्याकडून किती बाटल्या विकल्या जातील.

पहिली चूक: बाटलीचा नफा मोजणं, महिन्याची विक्री न मोजणं

एक उदाहरण आकड्यांनिशी करून पाहू. समजा एका सलॉनमध्ये एका ब्रँडचं सिरम महिन्याला ८ बाटल्या विकलं जातं. त्याची विक्री किंमत १०० धरू, आणि पुढचे सगळे आकडे याच मापात. सलॉनला ते ५५ ला मिळतं, म्हणजे बाटलीमागे ४५ सुटतात. एका वेळी १२ बाटल्या मागवल्या की ६६० गुंततात, आणि दीड महिन्यात ते मोकळे होतात.

आता स्वतःच्या नावाचं सिरम. उत्पादकाची किमान ऑर्डर ५०० बाटल्या. भरलेली बाटली, लेबल आणि खोका मिळून २८ पडतात, म्हणजे १४,०००. डिझाइन, चाचण्या आणि नोंदणीचे २,५०० धरले तर एकूण १६,५००, बाटलीमागे ३३. नाव नवीन असल्यामुळे किंमत ८० ठेवली. सुटतात ४७. कागदावर ब्रँडपेक्षा २ जास्त, शिवाय बाटलीवर आपलं नाव.

पण विक्री आहे महिन्याला ८. सिरमचं आयुष्य बनल्यापासून २४ महिने आहे आणि माल हातात येईपर्यंत त्यातले २ गेले, असं धरू. शेवटचे ३ महिने तो विकायचा नाही, कारण घरी नेलेली बाटली संपवायला क्लायंटला तेवढा वेळ लागतो. उरले १९ महिने. १९ गुणिले ८ म्हणजे १५२ बाटल्या, जमा १२,१६०. खर्च १६,५०० झालाय, तेव्हा ४,३४० चा तोटा आणि जवळजवळ साडेतीनशे बाटल्या फेकण्याच्या वाटेवर. त्याच १५२ बाटल्या ब्रँडच्या विकल्या असत्या, तर ६,८४० सुटले असते.

तेवढ्याच बाटल्या ब्रँडच्या विकून जे सुटलं असतं, त्याची स्वतःच्या सिरमने बरोबरी करायची तर त्याच १९ महिन्यांत सुमारे ४७२ बाटल्या जायला हव्यात, म्हणजे महिन्याला २५. आजच्या तिप्पट. उत्पादकाशी बोलायला बसण्याआधी गेल्या १२ महिन्यांची विक्रीची वही काढून हा एक आकडा तपासा. महिना चुकवू नका, कारण सणासुदीचा किंवा लग्नसराईचा महिना सरासरी फुगवतो. सरासरीपेक्षा सर्वांत मंद तीन महिन्यांवर मी जास्त विश्वास ठेवते.

उत्पादकाची तयार फॉर्म्युल्याची, १०० बाटल्यांची छोटी ऑर्डर मिळाली तर चित्र बदलतं. बाटली महाग पडेल, समजा ४०, आणि लेबलांचे वगैरे ५००. एकूण ४,५००. चार बाटल्या टेस्टरला काढल्या, तर ९६ बाटल्या वर्षभरात विकून ७,६८० येतात, सुटतात ३,१८०. ब्रँडच्या ९६ बाटल्यांवर ४,३२० सुटले असते. म्हणजे इथेही कमाई कमीच, पण तोटा नाही आणि माल वाया जात नाही. मग हे करावंच का, याचं उत्तर पुढच्या चुकीत आहे.

दुसरी चूक: दुसरी बाटली कुठून घेतली हे न विचारणं

स्वतःच्या लाइनचं खरं बळ म्हणजे ती दुसरीकडे मिळत नाही. ब्रँडची बाटली क्लायंट पहिल्यांदा तुमच्याकडून घेते, कारण तुम्ही त्वचा पाहून ती सुचवलेली असते. ती संपली की तीच बाटली ऑनलाइन सवलतीत दिसते. सल्ला तुमचा, विक्री दुसऱ्याची. ज्यांच्या बाबतीत हे घडतंय, त्यांनी स्वतःची लाइन जरूर विचारात घ्यावी.

पण हेच घडतंय ना, हे आधी नक्की करा. गेल्या वर्षी एखादं उत्पादन घेतलेल्या आणि अजूनही सलॉनमध्ये येणाऱ्या क्लायंटची यादी करा. त्यातल्या किती जणींनी तेच पुन्हा तुमच्याकडून घेतलं? ज्यांनी घेतलं नाही, त्यांना फेशियलच्या वेळी सहज विचारा: "ते सिरम अजून लावताय का?" उत्तर "हो" असेल, तर विक्री बाहेर जातेय, आणि स्वतःची लाइन तिला थांबवू शकते. "नाही, अर्धं पडून आहे" असं असेल, तर अडचण ब्रँडची नाही. उत्पादन त्या त्वचेला मानवलं नाही, किंवा किती आणि कधी लावायचं हे नीट सांगितलं गेलं नाही. अशा सलॉनमध्ये बाटलीवरचं नाव बदलून काहीही बदलणार नाही. अर्ध्या पडलेल्या बाटल्या आता तुमच्या नावाच्या असतील, एवढंच.

तिसरी चूक: पहिलं उत्पादन म्हणून सर्वांत अवघड उत्पादन निवडणं

व्हिटॅमिन सी सिरमची मागणी दिसते, म्हणून पुष्कळ जणी तिथूनच सुरुवात करतात. शुद्ध व्हिटॅमिन सी, म्हणजे एल-अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड, पाण्यात फार अस्थिर असतं. ते त्वचेत नीट मुरण्यासाठी पीएच साधारण ३.५ च्या खाली ठेवावा लागतो, आणि हवा, उजेड, उष्णता यांनी ते ऑक्सिडाइज होतं. फिकट पिवळं सिरम नारिंगी आणि मग तपकिरी होत जातं. मोठ्या ब्रँडच्या बाटलीत हे झालं तर क्लायंट ब्रँडला नावं ठेवते, तुमच्या बाटलीत झालं तर तुम्हाला. सनस्क्रीनही सुरुवातीला नको. एसपीएफचा आकडा चाचणीनेच सिद्ध करावा लागतो, आणि काही देशांत सनस्क्रीन औषधांच्या नियमांखाली येतं.

सुरुवातीला सौम्य क्लेन्झर किंवा साधं मॉइश्चरायझर बरं. ते रोज लागतं, लवकर संपतं आणि जवळजवळ प्रत्येक त्वचेला सुचवता येतं. दुसरा फायदा असा की ते तुम्ही स्वतः फेशियलमध्येही वापरू शकता. विक्री मंदावली तर माल कॅबिनमध्ये खपतो, आणि क्लायंटने खुर्चीवर अनुभवलेलंच उत्पादन ती घरी नेते. सिरमही हवंच असेल तर नायसिनामाइडचं घ्या, ते बऱ्यापैकी स्थिर असतं.

चौथी चूक: "आम्ही सगळं बघतो" यावर विसंबणं

लेबलवर ज्याचं नाव, क्लायंट त्याच्याच दारात येते, आणि अनेक ठिकाणी कायदाही त्यालाच जबाबदार धरतो. म्हणून उत्पादकाकडून दोन अहवाल कागदावर मागा. पहिला स्थिरतेचा: उत्पादन ४० अंश सेल्सियसला साधारण तीन महिने ठेवल्यावर रंग, वास, घट्टपणा आणि पीएच किती बदलला. दुसरा प्रिझर्व्हेटिव्हचा: मुद्दाम जंतू मिसळून २८ दिवस ते किती मरतात हे पाहतात. दोन्ही अहवाल तुमच्याच फॉर्म्युल्याचे आणि तुमच्याच बाटलीतले हवेत. हवाबंद पंपात तपासलेलं क्रीम उघड्या डबीत भरलं, तर तो अहवाल तुमच्या कामाचा राहत नाही. सुगंध बदलून घेतला तरी फॉर्म्युला बदललाच.

फॉर्म्युला कोणाच्या मालकीचा, हेही तेव्हाच विचारा. तयार फॉर्म्युला असेल तर तो सहसा उत्पादकाचाच राहतो. उद्या उत्पादक बदलावा लागला तर नाव तुमच्याबरोबर येईल, बाटलीतलं क्रीम येणार नाही, आणि ज्यांना ते मानवलंय त्यांना फरक पहिल्याच दिवशी कळेल.

माल आल्यावर प्रत्येक बॅचच्या तीन बाटल्या बाजूला काढा. एक थंड, अंधाऱ्या कपाटात, एक कॅबिनमध्ये, एक खिडकीपाशी. महिन्यातून एकदा तिन्ही शेजारी ठेवून पाहा. कपाटातली ठीक आणि खिडकीतलीच बदलली, तर दोष उजेडाचा किंवा उष्णतेचा आहे. साठवण आणि बाटली सुधारा. तिन्हींत पाणी सुटलं, वास बदलला किंवा गाठी झाल्या, तर दोष बॅचमध्ये आहे आणि तिची विक्री त्याच दिवशी थांबवायची. कोणत्या क्लायंटला कोणता बॅच नंबर दिला हे लिहिलेलं असलं, तर त्या बॅचच्या क्लायंटना फोन करता येतो. लिहिलेलं नसलं, तर सगळ्यांना करावा लागतो.

पाचवी चूक: ब्रँड घेताना करार न वाचणं

पुनर्विक्रीही आपोआप सुरक्षित ठरत नाही. वर्षभरात किती माल घ्यावाच लागेल, मुदत जवळ आलेला माल परत घेतात का, आणि ब्रँड स्वतः ऑनलाइन सवलत देतो का, हे तीन मुद्दे सहीआधी वाचा. पहिल्याच ऑर्डरला पूर्ण रेंज घ्यायचा आग्रह होतो. तुम्ही खरोखर सुचवणार असलेली चार-पाच उत्पादनंच मागा. आणि अधिकृत वितरकाबाहेरचा स्वस्त माल घेऊ नका: तो कुठे, किती उन्हात पडून होता हे कळायला मार्ग नसतो.

सहावी चूक: दोन्ही एकाच कामासाठी ठेवणं

ब्रँडचं मॉइश्चरायझर आणि स्वतःचं मॉइश्चरायझर शेजारी ठेवलं, तर विक्री वाढत नाही, विभागली जाते. महिन्याच्या आठ बाटल्या तिकडे चार, इकडे चार होतात, आणि दोन्हींची मुदत सरकत राहते. सिरम, सनस्क्रीन, पिलिंग यांसारखी उत्पादनं ब्रँडची ठेवा आणि क्लेन्झर तेवढा स्वतःचा, अशी वाटणी केली तर हा प्रश्न येत नाही. स्वतःचं उत्पादन आलं की त्या कामाचं ब्रँडचं उत्पादन नव्याने मागवणं थांबवा.

माल संपू देणं हीदेखील यातलीच चूक. वितरकाकडून ब्रँडचा माल काही दिवसांत येतो, स्वतःची बॅच बनून यायला दोन-तीन महिने लागू शकतात. महिन्याला ८ जात असतील तर तीन महिन्यांच्या २४ आणि थोड्या जास्तीच्या, म्हणजे कपाटात ३० उरल्या की पुढची ऑर्डर द्यायची.