बिलासाठी घेतलेला नंबर जाहिरातीला कसा वापरावा?

साडीच्या दुकानात गल्ल्यावर उघडी वही असते. गिऱ्हाईक नाव-नंबर लिहिते आणि पुढच्या गिऱ्हाइकाला वरच्या दहा बायकांचे नंबर आयते वाचायला मिळतात. आधी ही वही उचला. त्याऐवजी प्रत्येकाला वेगळी चिठ्ठी द्या, नाहीतर नंबर बिलिंगच्या संगणकात स्वतः टाका.

चिठ्ठीवर दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातच औषधाच्या दुकानाचे उदाहरण आहे: गिऱ्हाइकाने पावतीसाठी नंबर दिला, तर तो पावती पाठवण्यापुरताच वापरायचा. सेलच्या मेसेजसाठी संमती निराळी लागते. म्हणून मजकूर असा ठेवता येईल:

"बिल पाठवण्यासाठी मोबाइल नंबर (ऐच्छिक): ______
☐ सेल आणि नव्या मालाचे मेसेज मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, महिन्यात जास्तीत जास्त दोन. बंद करायचे असल्यास 'नको' एवढेच पाठवावे. नंबर बाहेर कोणालाही दिला जाणार नाही."

चौकोनात खूण गिऱ्हाइकानेच करायची. आधीपासून छापलेली खूण म्हणजे संमती नव्हे. "नंबर दिल्याशिवाय बिल होत नाही" हे वाक्य तर गल्ल्यावरच्या पोराच्या तोंडून कायमचे काढून टाका. जन्मतारीख कशाला हवी, याला उत्तर नसेल तर तो रकानाही नको.

मग यादी करा. नंबर, संमतीची तारीख, कशासाठी आणि कुठून मिळाली, एवढे चार रकाने पुरतात. उद्या तक्रार झाली तर संमती होती हे दुकानदारालाच सिद्ध करावे लागते, त्यामुळे खूण केलेल्या चिठ्ठ्या फेकू नका; तारखेनुसार कुलपात ठेवा.

व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप करू नका. तिथे सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा, पण ज्यांनी दुकानाचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून चिठ्ठी घेतानाच तशी विनंती करा. घाऊक एसएमएस साध्या सिमवरून पाठवू नका, सिम बंद होऊ शकते. त्यासाठी टेलिकॉम कंपनीच्या डीएलटी पोर्टलवर दुकानाची, पाठवणाऱ्याच्या नावाची आणि मजकुराच्या नमुन्याची नोंदणी लागते.

खरी गडबड 'नको' आल्यानंतर होते. एका फोनवरून नाव काढले जाते, पण दिवाळीला कोणीतरी जुनी एक्सेल फाइल उघडतो आणि तीच बाई पुन्हा यादीत येते. दुसऱ्यांदा ती 'नको' म्हणत नाही, थेट ब्लॉक आणि रिपोर्ट करते. असे रिपोर्ट वाढले की दुकानाचे खातेच बंद पडू शकते. त्यामुळे मुख्य यादी एकच ठेवा, विक्रेत्यांच्या फोनमधल्या प्रती पुसायला लावा आणि 'नको' म्हणणाऱ्याची बाकी माहिती काढून फक्त नंबर वेगळ्या यादीत ठेवा. प्रत्येक मोहिमेआधी मुख्य यादी तिच्याशी ताडून बघा.

जुन्या वहीतल्या नंबरांना थेट ऑफर पाठवू नका. त्यातले गिऱ्हाईक पुन्हा दुकानात आले की चिठ्ठी पुढे करा.