दोन अक्षांच्या आलेखाचा स्क्रीनशॉट: या चुका टाळा

डावीकडे एक मोजपट्टी, उजवीकडे दुसरी, मध्ये दोन रेषा आणि खाली ‘आता तरी डोळे उघडा’. असा स्क्रीनशॉट आला की बहुतेक जण आधी रेषा कुठे छेदतात ते बघतात. सगळ्यात मोठी चूक तीच. दोन वेगळ्या मोजपट्ट्यांवरच्या रेषा जिथे छेदतात, त्या बिंदूला काहीही अर्थ नसतो. एका पट्टीचा किमान आकडा बदलला की छेद सरकतो, आणखी बदलला की नाहीसाच होतो.

याचं गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं. २९ सप्टेंबर २०१५ रोजी प्रतिनिधिगृहाच्या समितीसमोर कर्करोग तपासणीपासून गर्भपातापर्यंतच्या सेवा देणाऱ्या प्लॅन्ड पॅरेंटहुड या संस्थेच्या अध्यक्ष सेसिल रिचर्ड्स यांची साक्ष चालू असताना समितीचे अध्यक्ष जेसन चॅफेट्झ यांनी एक आलेख पडद्यावर आणला. गुलाबी बाण खाली येत होता: कर्करोग तपासणी व प्रतिबंधाच्या सेवा, २००६ मध्ये २०,०७,३७१ आणि २०१३ मध्ये ९,३५,५७३. लाल बाण वर चढत होता: गर्भपात, २,८९,७५० वरून ३,२७,०००. दोन्ही बाण मध्ये छेदले होते आणि उजव्या टोकाला ३,२७,००० हा आकडा ९,३५,५७३ च्या वर बसला होता. उभा अक्ष छापलेलाच नव्हता. बघणाऱ्याच्या मनात ठसतं ते एवढंच, की तपासण्या सोडून संस्था गर्भपाताकडे वळली.

हेच आकडे ० ते २२ लाखांच्या एकाच पट्टीवर मांडा. गर्भपाताची रेषा तळाशी जवळजवळ आडवी पडते. तिची सगळी वाढ ३७,२५० ची, म्हणजे आलेखाच्या उंचीच्या दोन टक्क्यांहूनही कमी. छेद कुठेच नाही. तपासण्या घटल्या हे खरंच, पण त्याला वेगळी कारणं असू शकतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठीची पॅप चाचणी दरवर्षी करायची गरज नाही, तीन वर्षांतून एकदा पुरे, अशी शिफारस तिथे २०१२ मध्ये झाली होती. आलेखात अशा गोष्टीला जागाच नसते.

आता घाईवाल्यांसाठी. ‘आम्ही काही बदललं नाही, एक्सेलनेच असं काढलं’ हे उत्तर नेहमी येतं, आणि ते खरंही असतं. रेषेच्या आलेखात सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या साधारण १६.७ टक्क्यांहून कमी असेल, तर एक्सेल अक्ष शून्यापासून सुरू करत नाही. इथे गर्भपाताच्या आकड्यांतला फरक ११.४ टक्के आहे, म्हणून ती मालिका `Secondary Axis` वर टाकली की तिचा अक्ष तळाशी कापला जातो. तपासण्यांमधला फरक ५३ टक्के, त्यांचा अक्ष मात्र शून्यापासून. डावा अक्ष ० ते २५ लाख आणि उजवा २,७०,००० ते ३,३०,००० धरून हिशेब करा. बिंदूची उंची अशी निघते:

```
(value - min) / (max - min)
```

तपासण्यांची रेषा उंचीच्या ८० टक्क्यांवरून ३७ वर उतरते, गर्भपाताची ३३ वरून ९५ वर चढते. म्हणजे कुणी लबाडी केली नाही तरी तीच फुली तयार. दुसरा अक्ष दोन क्लिकमध्ये मिळतो, म्हणून नवशिके तो सर्रास लावतात. पट्ट्या उघडून बघायचे कष्ट कुणी घेत नाही.

आमची सवय साधी आहे: दुसरा अक्ष लावायचाच नाही. दोन आलेख एकाखाली एक, वर्षांचा अक्ष समान. वेगच ताडून बघायचा असेल तर दोन्ही मालिकांचं पहिलं वर्ष १०० धरायचं:

```
=B2/B$2*100
```

वरच्या उदाहरणात २०१३ साली तपासण्या ४७ वर येतात आणि गर्भपात ११३ वर जातात. घट मोठी, वाढ माफक, हे लगेच कळतं. पण इथेही रेषा १०० वर एकत्र येतात ते आपणच तिथे बांधल्या म्हणून, आणि मूळ संख्या किती लहान-मोठ्या होत्या हे यातून दिसत नाही. तेव्हा मूळ आकडे शेजारी लिहावेतच.

बाकीच्या चुका थोडक्यात. स्क्रीनशॉट कापताना उजवी पट्टी बाहेर राहते. अशा चित्रावर मत बनवू नका, मूळ आकडे मागा. दोनच वर्षांचे बिंदू सरळ रेषेने जोडले असतील तर मधल्या वर्षांचं काहीच कळत नाही. चॅफेट्झ यांच्या आलेखात तेच होतं. उजवा अक्ष वरून खाली वाढतोय का, तेही बघा. `Values in reverse order` ची खूण लावली की उलटं नातं सुलटं दिसतं.

दोन अक्ष चालतात ते दोन्ही पट्ट्यांचं नातं आधीच ठरलेलं असेल तेव्हा. सेल्सिअस आणि फॅरनहाइट हे सरळ उदाहरण. हवामानाच्या वॉल्टर-लीथ आलेखात १० अंश सेल्सिअससमोर २० मिलिमीटर पाऊस हे प्रमाण ठरलेलं असतं, म्हणून तिथे पावसाची रेषा तापमानाच्या खाली गेली की तो कोरडा काळ मानतात. काढणाऱ्याला तिथे पट्टी ओढायची मुभाच नसते.