एकूण गुण सारखे, विषयाचे गुणही सारखे: गुणवत्ता यादी करताना या चुका टाळा

प्रथम वर्ष बी.एस्सी.च्या प्रवेशाची यादी नोटीस बोर्डावर लागली की पहिल्या पन्नास नावांकडे फारसं कोणी बघत नाही. गर्दी असते ती शेवटच्या जागेपाशी. तुकडी 120 ची असेल, तर 118 ते 122 या पाच नावांवरच सगळे वाद होतात, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात एकाच बेरजेचे चार-पाच विद्यार्थी असतात. वर्षानुवर्षं या याद्या करताना मला एक गोष्ट पक्की दिसली आहे. एकूण गुणांचा रकाना सगळे तपासतात, गणिताचा निम्मे तपासतात, आणि जन्मतारखेचा कोणीच तपासत नाही. म्हणून चूक तिथेच राहते.

नियम साधा धरू या: आधी बारावीचे 600 पैकी एकूण गुण, ते समान असतील तर गणिताचे गुण, तेही समान असतील तर भौतिकशास्त्राचे, आणि तरीही बरोबरी राहिली तर ज्याचं वय जास्त तो वर. तुमच्या माहितीपुस्तिकेत विषयांचा क्रम वेगळा असेल तर तोच पाळायचा. खाली सांगितलेलं मात्र तसंच लागू होईल.

खरी गडबड: तारीख दिसते, पण तारीख नसते

एका वर्षी मी हे समोर पाहिलं. अर्जांची माहिती सीएसव्ही फाईलमध्ये आली होती, ती एक्सेलमध्ये उघडली, क्रमवारी लावली, प्रिंट काढली. दुसऱ्या दिवशी एक पालक शाळा सोडल्याचा दाखला घेऊन आले आणि म्हणाले, "साहेब, माझी मुलगी या मुलापेक्षा चार महिन्यांनी मोठी आहे. गुण दोघांचे सारखेच आहेत. मग ती खाली कशी?" त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं.

काय झालं होतं ते एका उदाहरणातून दाखवतो. आकडे मी मांडणीसाठी घेतले आहेत, पण चूक अगदी अशीच होती. पाच अर्ज, सगळ्यांचे एकूण गुण 512. अर्ज 212 ला गणितात 91, म्हणून तो निर्विवाद 118 वा. बाकी चौघांना गणितात 88. त्यांच्यात अर्ज 389 ला भौतिकशास्त्रात 84, म्हणून तो 119 वा. उरलेल्या तिघांना भौतिकशास्त्रातही 81. त्यांच्या जन्मतारखा अशा:

- अर्ज 333: 23/11/2006
- अर्ज 147: 05/03/2007
- अर्ज 405: 04/04/2007

कोणीही बघून सांगेल की 333 सर्वांत मोठा, मग 147, मग 405. म्हणजे शेवटची, 120 वी जागा 333 ची. पण यादीत क्रम आला 405, 147, 333. अगदी उलटा! सर्वांत लहान विद्यार्थ्याला जागा मिळाली आणि जो खरा हक्कदार तो 122 वर गेला.

कारण असं. त्या संगणकाची प्रादेशिक सेटिंग अमेरिकन होती, म्हणजे महिना आधी आणि दिवस नंतर. एक्सेलने 05/03/2007 ही 3 मे समजून घेतली. 04/04/2007 दोन्हीकडून वाचली तरी 4 एप्रिलच. आणि 23/11/2006? तेविसावा महिना नसतोच, म्हणून एक्सेलने ती तारीख मानलीच नाही, नुसता मजकूर म्हणून ठेवून दिली. चढत्या क्रमात एक्सेल आधी आकडे लावतं, मजकूर त्यानंतर. तारीख म्हणजे आतून एक आकडाच असतो. त्यामुळे 4 एप्रिल आधी, 3 मे नंतर आणि बिचारी 23 नोव्हेंबर 2006 सगळ्यांच्या शेवटी.

समजा, संपूर्ण रकानाच मजकूर म्हणून राहिला असता, तरी काही सुधारलं नसतं. मजकूर डावीकडून वाचला जातो, म्हणजे 04, 05, 23 असा क्रम लागला असता आणि निकाल तोच चुकीचा. वर्ष शेवटी लिहिलेलं असतं, त्याच्यापर्यंत क्रमवारी पोचतच नाही.

हे ओळखायचं कसं

मजकूर झालेल्या तारखा पकडणं सोपं आहे. जन्मतारखा F रकान्यात आणि 300 अर्ज असतील तर दोन रिकाम्या पेशींत हे लिहा:

```
=COUNTA(F2:F301)
=COUNT(F2:F301)
```

पहिलं सूत्र भरलेल्या सगळ्या पेशी मोजतं, दुसरं फक्त आकडे आणि खऱ्या तारखा. दोन्ही उत्तरं सारखी आली नाहीत, तर जितका फरक तितक्या तारखा मजकूर आहेत. कोणी हाताने मांडणी बदललेली नसेल, तर त्या पेशीच्या डाव्या कडेला चिकटलेल्याही दिसतात.

दिवस-महिना उलटे झालेल्या तारखा मात्र डोळ्यांना दिसत नाहीत. 3 मे ही चांगली खरीखुरी तारीख आहे, ती उजव्या कडेला नीट बसलेली असते. तिच्यासाठी माझी युक्ती वेगळी आहे. शेजारच्या रकान्यात `=DAY(F2)` लिहून खालपर्यंत ओढा. कुठल्याही मोठ्या यादीत सुमारे 60 टक्के जन्मदिवस 13 ते 31 तारखांमध्ये पडायला हवेत. तुमच्या रकान्यात एकही आकडा 12 च्या वर नसेल आणि अधूनमधून `#VALUE!` दिसत असेल, तर खुशाल समजा की दिवस आणि महिना उलटे झालेत.

ही चूक एकेक तारीख हाताने दुरुस्त करून सुटत नाही, कारण कुठली उलटली आणि कुठली नाही हे आता फाईलला माहीत नाही. मूळ सीएसव्हीकडे परत जा. ती दुहेरी क्लिक करून उघडू नका. `Data` मधून `From Text/CSV` ने आणा आणि जन्मतारखेच्या रकान्याचा प्रकार `Text` निवडा. मग मजकुरातून तारीख आपणच बांधायची. मूळ मजकूर F मध्ये असेल, तर G मध्ये:

```
=DATE(RIGHT(F2,4),MID(F2,4,2),LEFT(F2,2))
```

यासाठी मूळ तारीख 05/03/2007 अशी, दोन-दोन आणि चार अंकांची हवी. कोणी 5/3/07 लिहिली असेल तर सूत्र चुकेल, तेवढ्या आधी सुधारून घ्या. शेवटी G रकान्याला `dd-mmm-yyyy` हे स्वरूप द्या. 05-Mar-2007 असं छापलं की वाचणाऱ्याच्या मनातही घोळ राहत नाही.

आणि बरोबरीतल्या विद्यार्थ्यांची तारीख अर्जावरून नव्हे, दाखल्यावरून घ्या. दाखल्यावर ती अंकी आणि अक्षरी दोन्ही असते. अक्षरी वाचून जुळवा. तीनशेच्या तीनशे दाखले काढायची गरज नाही. ज्यांचा निर्णय तारखेवर ठरला आहे ते फारतर दहा-बारा निघतात.

मोठं वय म्हणजे लहान तारीख

क्रमवारी लावताना गुण उतरत्या क्रमाने लावायचे असतात. हात त्याच ओघात तारखेलाही उतरता क्रम देऊन जातो आणि लहान मुलं वर येतात. `Sort` च्या चौकटीत `Add Level` ने चार पातळ्या करा: एकूण, गणित, भौतिकशास्त्र या तिन्हींना `Largest to Smallest`, आणि तारखेला `Oldest to Newest`. तारखेच्या पातळीवर ही शेवटची शब्दरचना दिसण्याऐवजी `A to Z` दिसलं, तर थांबा. तो रकाना अजून मजकूरच आहे, हे एक्सेल स्वतःच तुम्हाला सांगतंय.

काही जण तारखेऐवजी वय काढून ते लावतात. पूर्ण वर्षांत काढलेलं वय इथे उपयोगाचं नाही. वरच्या उदाहरणातले तिघेही 15 जून 2025 ला 18 वर्षांचेच भरतात आणि बरोबरी जशीच्या तशी राहते.

गुणांचे रकाने

इथे बोलण्यासारखं कमी आहे, पण एक गोष्ट घात करते. गणिताच्या रकान्यात कुठे "88" हा आकडा मजकूर म्हणून बसला असेल, तर उतरत्या क्रमात मजकूर आकड्यांच्या वर जातो. म्हणजे तो विद्यार्थी बरोबरीच्या गटात विनाकारण पहिला येतो. एक्सेल क्रमवारीच्या वेळी विचारतंही की आकड्यासारखं दिसणारं आकडा म्हणून लावू का. त्या सूचनेवर घाईत काहीही दाबू नका. आधी `COUNT` ने वरच्यासारखीच तपासणी करा.

दुसऱ्या मंडळाचे, 500 पैकी गुण असलेले विद्यार्थी असतील तर टक्केवारीवर यावं लागतं. 500 पैकी 451 म्हणजे 90.20 आणि 600 पैकी 541 म्हणजे 90.17. यादीत एकच दशांश छापला तर दोघांसमोर 90.2 दिसेल, आणि गणितात कमी असलेला वर का, असा अर्ज तुमच्या टेबलावर येईल. क्रमवारी खऱ्या आकड्यावर लागलेली असते, छापलेल्यावर नाही. दोन दशांश छापा.

शेवटची पडताळणी दुसऱ्या वाटेने

`RANK` सूत्राने क्रमांक देऊ नका. त्याला फक्त एकूण गुण कळतात, पाचही जणांना तो 118 देईल. त्याऐवजी क्रमवारीशी संबंध नसलेलं हे सूत्र एका वेगळ्या रकान्यात घाला. C मध्ये एकूण, D मध्ये गणित, E मध्ये भौतिकशास्त्र आणि G मध्ये खरी तारीख आहे असं धरून:

```
=1+COUNTIFS(C$2:C$301,">"&C2)
 +COUNTIFS(C$2:C$301,C2,D$2:D$301,">"&D2)
 +COUNTIFS(C$2:C$301,C2,D$2:D$301,D2,E$2:E$301,">"&E2)
 +COUNTIFS(C$2:C$301,C2,D$2:D$301,D2,E$2:E$301,E2,G$2:G$301,"<"&G2)
```

हे प्रत्येकासाठी मोजतं की आपल्यापेक्षा सरस किती जण आहेत. शेवटच्या ओळीतलं चिन्ह उलटं आहे, कारण आधीची तारीख म्हणजे मोठं वय. एकूणच्या जागी टक्केवारी असेल तर C मध्ये आधी `ROUND` ने चार दशांशांपर्यंत आणा, नाहीतर सूक्ष्म फरकांमुळे समान आकडे असमान ठरू शकतात.

क्रमवारी लावल्यानंतरचा अनुक्रमांक आणि या सूत्राचा आकडा प्रत्येक ओळीत जुळला पाहिजे. नाही जुळला, तर पहिल्या विसंगत ओळीपाशी थांबून तिथल्या दोन अर्जांचे गुण आणि तारखा कागदावर लिहून बघा. चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते. फक्त लक्षात ठेवा, तारीख मुळात चुकीची वाचली गेली असेल तर हे सूत्रही तीच चूक करेल आणि दोन्ही आकडे छान जुळतील. म्हणून तारखांची तपासणी आधी, ही नंतर.

क्वचित सूत्र दोघांना एकच क्रमांक देतं आणि पुढचा क्रमांक गाळतं. ती चूक नसते. आमच्याकडे एकदा जुळी भावंडं अशी आली होती: गुण सारखे, तारीख अर्थातच तीच. अशा वेळी अर्ज क्रमांक किंवा आडनावाच्या आद्याक्षरावरून आपल्या मनाने क्रम लावू नका. माहितीपुस्तिकेत पुढचा निकष छापलेला असेल तर तो वापरा. नसेल तर दोघांना समान क्रमांक देऊन प्रवेश समितीकडे लेखी निर्णय मागा, आणि तो यादी लागायच्या आधी मागा.