ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की शब्दच बदलतो? या चुका टाळा

‘शिक्षक दीन उत्साहात साजरा’ असा मथळा लिहिला, तर संगणकाचा शुद्धलेखन तपासनीस गप्प बसतो. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब, केविलवाणा. दोन्ही शब्द शुद्ध असल्यामुळे त्याला चूक दिसत नाही. वाक्य मात्र शिक्षकांना बिचारं ठरवून मोकळं होतं.

ही चूक होते, कारण आपण कानावर विसंबतो. मराठीत अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार-उकार उच्चारताना लांबतो. त्यामुळे लिहायचं दिन, गुण, विष. ऐकू येतं दीन, गूण, वीष. मराठी शब्दांत हा लांब उच्चार तसाच लिहितात: फूल, खीर, बहीण. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले तत्सम शब्द मात्र मूळ ऱ्हस्व-दीर्घ राखतात. म्हणून ‘फूल’च्या चालीवर ‘गूण’ लिहिणं चूक. तिथे शब्द बदलत नाही, कारण गूण असा दुसरा शब्दच नाही. ते फक्त अशुद्ध लेखन होतं. ‘मुल’, ‘कि’, ‘आणी’ यांचंही तेच. शुद्ध रूपं मूल, की, आणि. वाचणाऱ्याला अर्थ कळतो, पण लेखन सदोषच राहतं.

खरी काळजी घ्यायची ती जोड्यांची. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. ‘काचेने शिर कापली’ हे वाक्य पाहा. शिर नपुंसकलिंगी आहे, त्यामुळे ‘शिर कापले’ म्हणावं लागेल. ‘कापली’ हे क्रियापद स्त्रीलिंगी ‘शीर’ मागतं. म्हणजे चूक वाक्यातच पकडता येते. सूर आणि सुर (देव) या जोडीत ही सोय नाही. दोन्ही पुल्लिंगी, तिथे संदर्भच बघावा लागतो.

शंका आली की शब्दाला प्रत्यय लावून बघावा, असं मी सुचवेन. ‘शिक्षक दिनाला’ लिहितो, ‘दीनांना मदत’ लिहितो. तत्सम शब्दाचा स्वर प्रत्ययापुढेही टिकतो, म्हणून फरक उघड होतो. मराठी शब्दाचा दीर्घ स्वर मात्र ऱ्हस्व होतो: मूल-मुलाला, फूल-फुलात, बहीण-बहिणीला, शीर-शिरेत.

इथेच उलटी चूक होते. मूल दीर्घ आहे हे पाठ असलेला माणूस ‘मुलाला’ खोडून ‘मूलाला’ करतो. ते खोडू नका. पण ‘मूलभूत’, ‘मूलतः’ यांतला मूल तत्सम, अर्थ मूळ. तिथे दीर्घच हवा.

याच नियमामुळे सूर आणि सुर यांची रूपं प्रत्ययापुढे एकच होतात. ‘सुरांची मैफल’ आणि ‘सुरांचा राजा इंद्र’ यांत एकच शब्द दिसतो, आणि दोन्ही ठिकाणी ऱ्हस्व उकारच बरोबर आहे.