सर्व्हर निवांत, तरी बिल अडकतं: माझा अनुभव

नाशिकच्या कांदा व्यापाऱ्यांसाठी आमचं बिलिंग ॲप आहे. लिलावाच्या वेळी काही बिलं २५ सेकंद अडकायची. सीपीयू ३५ टक्के, अलर्ट ८० ला लावलेला, म्हणून तो गप्पच. सर्व्हर मोठा केला, रीस्टार्ट केला. आठवडा वाया गेला.

शेवटी प्रत्येक विनंतीचा प्रवास, म्हणजे ट्रेस, टप्प्याटप्प्याने नोंदवणारं ओपनटेलिमेट्री बसवलं. मग प्रत्येक लॉग ओळीत त्या ट्रेसचा क्रमांक, `trace_id`, टाकला. नंतर फक्त ५ सेकंदांवरचे ट्रेस काढले. क्वेरी ४० मिलिसेकंदांची, पण तिच्याआधी मोठी रिकामी जागा! तिथे हाताने स्पॅन, म्हणजे त्या टप्प्याची वेळ मोजणारी नोंद, लावला, तेव्हा कळलं की विनंती डेटाबेस कनेक्शनसाठी रांगेत उभी आहे. ही कनेक्शन सांभाळणाऱ्या हिकारी या जावा लायब्ररीच्या पूलमध्ये मुळात जास्तीत जास्त १० कनेक्शन असतात. त्याच `trace_id` चे लॉग पाहिले, तर आमचा कोड पीडीएफ अपलोड होईपर्यंत कनेक्शन धरून बसलेला. पीडीएफचं काम ट्रान्झॅक्शनबाहेर काढलं, रांग संपली. पूल वाढवला नाही.

आता अलर्ट `hikaricp.connections.pending` वर, म्हणजे कनेक्शनसाठी रांगेत थांबलेल्यांच्या संख्येवर आहे.