जुन्या डायरीच्या फोटोला कॅप्शन: तारीख सांगा, मजकूर नको

‘आठवणींचा खजिना’ असं लिहिलं की कॅप्शन कुठल्याही डायरीला चालतं, म्हणून ते कुणाला थांबवत नाही. आतलं काही न सांगता उत्सुकता वाढवायची, तर त्याऐवजी पानावर डोळ्यांना दिसणारी एकच खूण घ्या आणि तिला तारीख किंवा गाव जोडा. भावना सांगणारे शब्द गाळा.

समजा, साताऱ्याकडच्या घरातली १९६७ सालची डायरी आहे. ‘कोयनेच्या भूकंपाच्या पहाटे आजोबांनी काय सोसलं’ असं लिहिलंत, तर सगळंच उघडं पडलं. त्यापेक्षा हे पाहा: ‘पाटण, ११ डिसेंबर १९६७. रोज पान भरायचं. या दिवशी दीडच ओळ.’ तारीख ओळखणारा तिथेच थबकतो आणि न ओळखणाऱ्यालाही ती अर्धी ओळ खुणावते. पुढे ‘का ते आम्हालाच ठाऊक’ असं जोडू नका, सगळी मजा जाते. मात्र खूण खरी हवी. पान भरलेलं असेल तर दीड ओळ लिहू नका.

कॅप्शन गप्प आणि फोटो बोलका, असंही होतं. म्हणून फोटो तिरका घ्या, फोकस तारखेवर ठेवा आणि टाकण्याआधी झूम करून बघा. नाव किंवा पत्ता वाचता आला, तर फोटो पुन्हा काढा.